ईसॉपचा खर्च: भाव एकदाच ठरतो, संख्या शेवटपर्यंत बदलते

पगार दिला की बँकेतून पैसे जातात, त्यामुळे तो खर्च आहे हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. ईसॉपमध्ये बँकेतून रुपयाही जात नाही. कंपनी कर्मचाऱ्याला पत्र देते की इतकी वर्षं काम करा, मग आजच्या भावाने आमचे इतके शेअर घेण्याचा हक्क तुमचा. या हक्काला ऑप्शन म्हणतात, तो देण्याला ग्रँट आणि शेअर घेण्याच्या ठरलेल्या भावाला एक्सरसाइज प्राइस. पुढे शेअर घेताना कर्मचारीच कंपनीला पैसे देतो. तरीही वर्षअखेरीस नफा-तोटा पत्रकात ‘कर्मचारी लाभ खर्च’ या मथळ्याखाली लाखो रुपये येतात आणि नफा तेवढा कमी होतो.

हा खर्च येतो कारण कंपनीने काम घेतलेलं असतं आणि त्याचा मोबदला रोखीऐवजी एका किमती हक्काच्या रूपाने दिलेला असतो. शेअरचा भाव वाढला तर फायदा कर्मचाऱ्याचा, पडला तर त्याने हक्क वापरायचा नाही, म्हणजे खिशातून काही जात नाही. असा एकतर्फी हक्क बाजारात कोणी फुकट देणार नाही. तो दिल्याचा भार आधीच्या भागधारकांवर पडतो, कारण उद्या त्यांच्या मालकीत आणखी लोक स्वस्तात वाटेकरी होणार असतात.

भारतात मोठ्या आणि सूचीबद्ध कंपन्यांना यासाठी इंड एएस 102 हे लेखामानक लागू आहे. ते आंतरराष्ट्रीय आयएफआरएस 2 वर बेतलेलं आहे. ज्या कंपन्यांना इंड एएस लागू नाही, त्यांच्यासाठी सनदी लेखापालांच्या संस्थेची, आयसीएआयची, 2020 ची सुधारित मार्गदर्शक टिप्पणी आहे आणि 1 एप्रिल 2021 पासून दिलेल्या ऑप्शनसाठी तीही फेअर व्हॅल्यूच, म्हणजे ग्रँटच्या दिवशीची त्या हक्काची पूर्ण किंमतच, मागते. त्याआधी अशा कंपन्यांना फक्त बाजारभाव आणि एक्सरसाइज प्राइस यांच्यातला फरक खर्च म्हणून दाखवण्याची मुभा होती. 500 रुपयांचा शेअर 500 लाच देऊ केला की फरक शून्य आणि खर्चही शून्य. जुन्या ताळेबंदांत ईसॉप असूनही खर्च दिसत नाही, तो त्यामुळे.

सगळा हिशोब एका नियमावर उभा आहे. एका ऑप्शनचा भाव ग्रँटच्या दिवशी एकदाच ठरतो आणि त्यानंतर गोठतो. किती ऑप्शन शेवटी कर्मचाऱ्यांच्या हाती पडतील ही संख्या मात्र दर वर्षअखेरीस नव्याने मोजायची. प्रत्यक्षात होणाऱ्या चुका बहुतेक वेळा या दोन गोष्टींची सरमिसळ केल्याने होतात.

उदाहरण

पुण्यातली एक काल्पनिक सूचीबद्ध सॉफ्टवेअर कंपनी घेऊ. 31 मार्च 2023 रोजी तिने 100 कर्मचाऱ्यांना प्रत्येकी 300 ऑप्शन दिले. त्या दिवशी शेअरचा भाव 500 रुपये आणि एक्सरसाइज प्राइसही 500. ऑप्शन तीन टप्प्यांत व्हेस्ट होणार, म्हणजे कर्मचाऱ्याच्या पक्क्या हक्काचे होणार: 31 मार्च 2024, 2025 आणि 2026 रोजी प्रत्येकी 100. अट एकच, त्या त्या तारखेला माणूस नोकरीत हवा. व्हेस्ट झाल्यापासून चार वर्षांच्या आत हक्क वापरायचा. ग्रँट आणि पहिलं व्हेस्टिंग यांत किमान एक वर्षाचं अंतर हवं, हा कंपनी कायद्याखालच्या नियमांचा आणि सेबीच्या 2021 च्या नियमावलीचा दंडक इथे पाळला आहे.

पहिलाच प्रश्न ग्रँटच्या तारखेचा, आणि तो वाटतो तितका सरळ नाही. कंपनी आणि कर्मचारी या दोघांना अटी समजल्या, मान्य झाल्या आणि लागणारी मंजुरीही मिळाली, तो दिवस ग्रँटचा. एप्रिलमध्ये पत्रं वाटली, पण भागधारकांचा ठराव सप्टेंबरच्या सभेत झाला, तर ग्रँटची तारीख सप्टेंबरची. काम मात्र एप्रिलपासून सुरू असल्यामुळे खर्चही एप्रिलपासूनच धरायचा, तोपर्यंत अंदाजी भावाने, आणि सप्टेंबरमध्ये खरा भाव कळला की आधीचा आकडा दुरुस्त करायचा. मधल्या पाच महिन्यांत शेअर 500 वरून 700 ला गेला असेल, तर पत्रावरची तारीख धरून केलेला सगळा हिशोब चुकतो.

एका ऑप्शनचा भाव

कर्मचाऱ्यांच्या ऑप्शनची बाजारात खरेदी-विक्री होत नाही, म्हणून भाव सूत्राने काढावा लागतो. साध्या अटींसाठी ब्लॅक-शोल्सचं सूत्र चालतं. एक्सेलमध्ये, प्रत्येक अक्षराच्या जागी त्या आकड्याचा सेल घालून, ते असं लिहिता येईल:

```
d1 = (LN(S/K)+(r-q+v^2/2)*T)/(v*SQRT(T))
d2 = d1-v*SQRT(T)
C  = S*EXP(-q*T)*NORM.S.DIST(d1,TRUE)-K*EXP(-r*T)*NORM.S.DIST(d2,TRUE)
```

यात `S` म्हणजे शेअरचा भाव आणि `K` म्हणजे एक्सरसाइज प्राइस. `q` हा लाभांशाचा दर, आपण 1 टक्का धरू. `r` हा जोखीममुक्त व्याजदर, म्हणजे तेवढ्याच मुदतीच्या सरकारी रोख्यांवरचा परतावा, तो 7.2 टक्के धरू. खरं तर प्रत्येक मुदतीचा दर थोडा वेगळा असतो, पण उदाहरण सुटसुटीत राहावं म्हणून एकच घेतला आहे. उरले `T` आणि `v`. वाद नेहमी या दोघांवरूनच होतात.

`T` म्हणजे कर्मचारी हा हक्क किती वर्षांनी वापरेल याचा अंदाज. इथे करारातली कमाल मुदत घालायची नाही. बाजारातला ऑप्शन नको असला तर विकता येतो, कर्मचाऱ्याला तसं करता येत नाही. घरासाठी पैसे हवे असले किंवा नोकरी सोडायची असली, तर तो मुदतीची वाट न पाहता हक्क वापरून मोकळा होतो. कंपनीकडे आधीच्या योजनांचा अनुभव असेल तर त्यावरून अंदाज बांधावा. नसेल तर व्हेस्टिंग आणि शेवटची तारीख यांचा मध्य घेण्याचा प्रघात आहे. आपल्या उदाहरणात पहिल्या टप्प्यासाठी 1 अधिक 2 म्हणजे 3 वर्षं, दुसऱ्यासाठी 4 आणि तिसऱ्यासाठी 5.

`v` म्हणजे शेअरच्या भावातली अस्थिरता. रोजच्या लॉग परताव्याचं प्रमाण विचलन काढून त्याला वर्षातल्या व्यवहाराच्या दिवसांच्या, म्हणजे साधारण 250 च्या, वर्गमुळाने गुणलं की वार्षिक आकडा मिळतो. मागे किती वर्षं पाहायचं? `T` जितकं, साधारण तितकं. पाच वर्षांचा ऑप्शन असेल तर पाच वर्षांचा इतिहास बघावा. फक्त मागच्या शांत वर्षाचा आकडा उचलणं हा खर्च कमी दाखवण्याचा सोपा रस्ता असतो आणि लेखापरीक्षक नेमकं तिथेच बोट ठेवतात. 2023 मध्ये दिलेल्या ऑप्शनसाठी पाच वर्षं मागे गेलं की मार्च 2020 ची पडझड त्यात येतेच. ‘ते अपवादात्मक होतं’ एवढंच म्हणून ती वगळता येत नाही. पुढच्या पाच वर्षांत तसं का होणार नाही, हे सांगता आलं पाहिजे. कंपनी सूचीबद्ध नसेल तर त्याच व्यवसायातल्या, साधारण त्याच आकाराच्या सूचीबद्ध कंपन्यांची अस्थिरता वापरतात.

अस्थिरता 40 टक्के धरली, तर पहिल्या टप्प्याच्या ऑप्शनचा भाव 166 रुपये येतो, दुसऱ्याचा 192 आणि तिसऱ्याचा 214. तीच अस्थिरता 30 टक्के धरली असती तर पहिल्या टप्प्याचे 166 रुपये 138 वर आले असते. एका गृहीतकाने खर्च सहाव्या हिश्श्याने हलतो, म्हणून त्यामागचं गणित कागदावर जपून ठेवायला हवं.

नवउद्योगांमध्ये इथे एक घोटाळा सर्रास दिसतो. कर्मचारी हक्क वापरतो तेव्हा त्याच्या प्राप्तिकरासाठी असूचीबद्ध शेअरचं मूल्य मर्चंट बँकरकडून घ्यावं लागतं. तोच अहवाल हिशोबाच्या कामी वापरला जातो. पण तो अहवाल शेअरची किंमत सांगतो, ऑप्शनची नव्हे, आणि तीही हक्क वापरण्याच्या आसपासच्या तारखेची. आपल्याला हवी आहे ग्रँटच्या दिवसाची ऑप्शनची किंमत. त्या दिवशीचा शेअरचा भाव सूत्रात `S` म्हणून घालायचा, म्हणजे काम तिथून सुरू होतं.

आणखी एक गोष्ट भावात कधीच मिसळायची नाही: किती लोक नोकरी सोडून जातील हा अंदाज. ‘दहा टक्के लोक जाणारच, म्हणून 166 ऐवजी 150 धरू’ असं केलं आणि पुढे संख्येतूनही गेलेली माणसं वजा केली, तर एकच गळती दोनदा मोजली जाते.

तीन टप्पे म्हणजे तीन स्वतंत्र ऑप्शन

भाव ठरले. आता ते कोणत्या वर्षात किती टाकायचे? पहिल्यांदा सुचतं ते असं की तीन वर्षांची योजना आहे, तर एकूण रक्कम तीन समान भागांत वाटावी. इंड एएस 102 मध्ये हे चालत नाही. 31 मार्च 2024 ला व्हेस्ट होणारे 100 ऑप्शन एका वर्षाच्या कामाबद्दल मिळतात, 2025 चे दोन वर्षांच्या आणि 2026 चे तीन वर्षांच्या कामाबद्दल. म्हणून प्रत्येक टप्पा वेगळा धरून ज्याचा त्याच्या मुदतीवर पसरायचा. पहिल्या वर्षात पहिला टप्पा पूर्ण, दुसऱ्याचा अर्धा आणि तिसऱ्याचा एक तृतीयांश खर्च येतो. तिन्ही घड्याळं एकाच दिवशी सुरू होत असल्यामुळे पहिल्या वर्षावर मोठा भार पडतो.

पुण्या-मुंबईत अमेरिकी कंपन्यांच्या उपकंपन्यांचे हिशोब पाहणाऱ्यांना इथे हमखास फरक लागतो. केवळ नोकरीच्या मुदतीची अट असलेल्या टप्प्याटप्प्याच्या योजनेसाठी अमेरिकी लेखामानक समान वाटणीची निवड देतं. मूळ कंपनीकडून आलेला खर्चाचा तक्ता तसाच भारतीय पुस्तकांत उतरवला, तर पहिल्या वर्षाचा खर्च कमी आणि शेवटच्याचा जास्त लागतो.

आता आकडे. 31 मार्च 2024 ला 100 पैकी 92 लोक नोकरीत आहेत. व्यवस्थापनाचा अंदाज असा की 2025 च्या मार्चअखेर 85 राहतील आणि 2026 ला 80.

पहिल्या टप्प्यात 92 जणांचे 9,200 ऑप्शन, 166 रुपयांनी 15,27,200 रुपये. हा टप्पा पूर्ण झाला, म्हणून सगळी रक्कम याच वर्षात. दुसऱ्या टप्प्याचे अपेक्षित 8,500 ऑप्शन 192 ने 16,32,000 होतात, त्याचे अर्धे 8,16,000. तिसऱ्याचे 8,000 ऑप्शन 214 ने 17,12,000, त्याचा तिसरा हिस्सा 5,70,667. आर्थिक वर्ष 2023-24 चा एकूण खर्च 29,13,867 रुपये.

दुसऱ्या वर्षी अंदाजापेक्षा जास्त लोक गेले. 31 मार्च 2025 ला 82 जणच आहेत आणि 2026 पर्यंत 74 राहतील असा नवा अंदाज आहे. इथे मागच्या वर्षाचे आकडे उघडून बदलायचे नाहीत. आजच्या संख्येनुसार आजपर्यंत एकूण किती खर्च व्हायला हवा होता ते काढायचं आणि आधी टाकलेला वजा करायचा. दुसरा टप्पा: 8,200 ऑप्शन, 192 ने 15,74,400, त्यातून आधीचे 8,16,000 गेले की 7,58,400. तिसरा टप्पा: 7,400 ऑप्शन, 214 ने 15,83,600, तीनपैकी दोन वर्षं झाली म्हणून 10,55,733, त्यातून 5,70,667 गेले की 4,85,066. वर्षाचा खर्च 12,43,466.

तिसऱ्या वर्षाच्या शेवटी प्रत्यक्षात 77 जण उरले, अंदाजापेक्षा तीन जास्त. 7,700 ऑप्शनचे 214 ने 16,47,800 होतात. आधी टाकलेले 10,55,733 वजा केले की या वर्षाचा खर्च 5,92,067.

| वर्ष | पहिला टप्पा | दुसरा टप्पा | तिसरा टप्पा | एकूण |
|---|---|---|---|---|
| 2023-24 | 15,27,200 | 8,16,000 | 5,70,667 | 29,13,867 |
| 2024-25 | – | 7,58,400 | 4,85,066 | 12,43,466 |
| 2025-26 | – | – | 5,92,067 | 5,92,067 |
| एकूण | 15,27,200 | 15,74,400 | 16,47,800 | 47,49,400 |

समान वाटणी केली असती तर दर वर्षी सुमारे 15.83 लाख आले असते. प्रत्यक्षात पहिल्याच वर्षात 61 टक्के खर्च पडला. आणि प्रत्येक टप्प्याची शेवटची बेरीज म्हणजे प्रत्यक्ष व्हेस्ट झालेले ऑप्शन गुणिले ग्रँटच्या दिवसाचा भाव. मधले अंदाज चुकले तरी अखेरीस त्यांचा मागमूस राहत नाही. या तीन वर्षांत शेअर 900 ला गेला की 300 ला आला, हे या तक्त्यात कुठेच नाही, आणि ते नसणंच बरोबर आहे.

नोंद सोपी आहे. कर्मचारी लाभ खर्च नावे आणि ‘शेअर ऑप्शन्स आउटस्टँडिंग अकाउंट’ जमा. हे दुसरं खातं इतर इक्विटीत बसतं, देण्यांत नाही, कारण कंपनीला रोख काही द्यायचं नाही. पुढे एखाद्याने पहिल्या टप्प्यातले 100 ऑप्शन वापरले, तर बँकेत 50,000 येतात आणि या खात्यातून 16,600 बाहेर पडतात. शेअरची दर्शनी किंमत 10 रुपये असेल तर या 66,600 पैकी 1,000 शेअर भांडवलात आणि उरलेले 65,600 सिक्युरिटीज प्रीमियममध्ये जातात. त्या दिवशी शेअर बाजारात कितीला आहे याचा या नोंदीशी संबंध नाही.

कंपनी शेअरऐवजी वाढलेल्या भावाइतकी रोख देणार असेल, तर मात्र चित्र उलटं होतं. तिथे देणं उभं राहतं आणि पैसे देईपर्यंत दर ताळेबंदाच्या तारखेला भाव नव्याने काढावा लागतो. भाव गोठण्याचा नियम फक्त शेअरने फेडल्या जाणाऱ्या योजनांना आहे.

खर्च कधी उलटतो आणि कधी नाही

कर्मचारी व्हेस्टिंगच्या आधी गेला तर त्याच्या त्या टप्प्याचा आजवरचा खर्च उलटतो. वरच्या हिशोबात संख्या घटवली तेव्हा तेच झालं. तो स्वतः गेला की कंपनीने काढला, याने फरक पडत नाही. मानकाच्या व्याख्येतच म्हटलं आहे की कारण काहीही असो, काम थांबलं म्हणजे अट मोडली.

व्हेस्टिंगनंतर मात्र खर्च उलटत नाही. पहिला टप्पा व्हेस्ट झाला, शेअर 300 ला पडला आणि चार वर्षांत कोणीच हक्क वापरला नाही, तरी 15,27,200 रुपये नफ्यात परत आणता येत नाहीत. कंपनीला एका वर्षाचं काम मिळालं आणि त्या बदल्यात दिलेल्या हक्काला तेव्हा किंमत होती. तो हक्क पुढे निरुपयोगी ठरला ही वेगळी गोष्ट. ऑप्शन आउटस्टँडिंग खात्यातली रक्कम इक्विटीच्या आतल्या आत, म्हणजे सामान्य राखीव निधीत किंवा राखून ठेवलेल्या कमाईत हलवता येते, एवढंच. ‘ऑप्शन लॅप्स झाल्यामुळे परत घेतलेली तरतूद’ अशी ओळ इतर उत्पन्नात दिसली तर ती चूक आहे.

कामगिरीच्या अटी आल्या की हाच धागा आणखी ताणला जातो. समजा तिसऱ्या टप्प्याला अट घातली की कंपनीची विक्री 500 कोटींवर गेली पाहिजे. ही अट शेअरच्या भावाशी बांधलेली नाही, म्हणून ती संख्येच्या बाजूला बसते. 214 चा भाव तसाच राहतो. विक्री होईल असं वाटतं तोवर खर्च टाकत राहायचा आणि ध्येय हुकलं की संख्या शून्य धरून त्या टप्प्याचा सगळा खर्च उलटवायचा. याउलट ‘शेअर 800 ला पोचला पाहिजे’ अशी अट असेल, तर ती भावाच्या बाजूला जाते. असा ऑप्शन मिळणं अवघड, म्हणून त्याची फेअर व्हॅल्यू 214 पेक्षा कमी. ती ब्लॅक-शोल्सने नीट निघत नाही, भावाच्या हजारो संभाव्य वाटा तपासणारी माँटे कार्लो पद्धत लागते. अपयशाची शक्यता भावात एकदा मोजली गेली, म्हणून शेअर 800 ला न पोचल्यामुळे कोणालाच ऑप्शन मिळाले नाहीत तरी, जे नोकरीत टिकले त्यांचा खर्च उलटत नाही. हाती काही न आलेल्या कर्मचाऱ्याचाही खर्च पुस्तकात कायम राहतो, हे पहिल्यांदा वाचणाऱ्याला पटत नाही. पण शेअरच्या भावाची जोखीम ग्रँटच्या दिवशीच किमतीत धरली आहे हे लक्षात घेतलं, तर दुसरा मार्ग उरत नाही.

कंपनीने योजनाच गुंडाळली तर? समजा 31 मार्च 2025 ला तिसरा टप्पा रद्द केला. बहुतेकांना वाटतं की खर्च थांबला. प्रत्यक्षात उरलेला खर्च त्याच दिवशी एकरकमी टाकावा लागतो. अपेक्षित 74 जणांच्या हिशोबाने 15,83,600 वजा 10,55,733, म्हणजे 5,27,867 रुपये. संख्या अपेक्षित 74 धरायची की त्या दिवशी हजर असलेले सगळे 82, याबद्दल व्यवहारात दोन्ही पद्धती दिसतात. एक निवडून दर वेळी तीच वापरावी. हा नियम नसता तर शेअर पडला की कंपन्यांनी योजना रद्द करून खर्चातून अंग काढून घेतलं असतं.

एक्सरसाइज प्राइस खाली आणली तर

सूचीबद्ध कंपनीचा शेअर पडल्यामुळे योजना आकर्षक राहिली नसेल, तर भागधारकांच्या विशेष ठरावाने एक्सरसाइज प्राइस बदलायला सेबीची नियमावली परवानगी देते. समजा 31 मार्च 2025 ला शेअर 300 वर आहे आणि कंपनी तिसऱ्या टप्प्याची एक्सरसाइज प्राइस 500 वरून 300 करते.

इथे जुना भाव खोडून नवा लिहिण्याचा मोह होतो. तसं करायचं नाही. त्याच दिवशी एकाच ऑप्शनची दोनदा किंमत काढायची, बदलाच्या आधीच्या अटींवर आणि नंतरच्या अटींवर. व्हेस्टिंगला एक वर्ष बाकी आणि त्यानंतर वापराची सरासरी दोन वर्षं, म्हणून `T` 3. व्याजदर 6.5 टक्के, लाभांश 1 टक्का आणि अस्थिरता 40 टक्के धरली, तर 500 च्या ऑप्शनची किंमत 46 रुपये येते आणि 300 च्या ऑप्शनची 97. फरक 51 रुपये. हा फरक म्हणजे कंपनीने नव्याने दिलेला लाभ. जुने 214 रुपये जसे पसरत होते तसेच पसरत राहतात आणि हे 51 रुपये उरलेल्या एका वर्षावर पसरतात. शेवटी 7,700 ऑप्शन व्हेस्ट झाले, तर 2025-26 मध्ये 3,92,700 रुपये जास्तीचे येतील आणि वर्षाचा खर्च 5,92,067 ऐवजी 9,84,767 होईल. आधीच व्हेस्ट झालेल्या टप्प्यांची प्राइस खाली आणली असती, तर त्यांचा फरक लगेच त्याच दिवशी खर्चात गेला असता, कारण पसरायला पुढे मुदतच नाही.

बदल कर्मचाऱ्याच्या तोट्याचा असेल, उदाहरणार्थ एक्सरसाइज प्राइस वाढवली, तर वजा फरक धरायचाच नाही. मूळ 214 हा तळ आहे. कर्मचारी नोकरीत टिकून ऑप्शन व्हेस्ट झाला, तर खर्च त्याच्या खाली जात नाही.

वर्षअखेरीची जुळणी

हे सगळं बरोबर बसलं का, हे पाहण्यासाठी एक तपासणी पुरते. ऑप्शन आउटस्टँडिंग खात्यातली शिल्लक वेगळ्या वाटेने पुन्हा काढायची. व्हेस्ट झालेले पण न वापरलेले ऑप्शन गुणिले त्यांचा ग्रँटच्या दिवसाचा भाव, अधिक व्हेस्ट न झालेले अपेक्षित ऑप्शन गुणिले भाव गुणिले सरलेल्या मुदतीचा हिस्सा. आपल्या उदाहरणात 31 मार्च 2025 ला कोणीही हक्क वापरलेला नाही आणि काही लॅप्स झालेलं नाही असं धरलं, तर 15,27,200 अधिक 15,74,400 अधिक 10,55,733, म्हणजे 41,57,333. दोन वर्षांचा टाकलेला खर्च 29,13,867 अधिक 12,43,466, तोही 41,57,333. एक्सरसाइज प्राइस त्या दिवशी बदलली तरी ही शिल्लक हलत नाही, कारण 51 रुपयांचा हिशोब दुसऱ्या दिवसापासून सुरू होतो.

जुळणी चुकली तर फरकाच्या आकाराकडे बघावं. तो 166, 192 किंवा 214 च्या पटीत असेल, तर मनुष्यबळ विभागाच्या यादीतून एखादा गेलेला माणूस हिशोबात राहिला आहे, किंवा वापरलेल्या ऑप्शनची रक्कम खात्यातून बाहेर काढायची राहिली आहे. फरक एका टप्प्याच्या रकमेच्या तिसऱ्या किंवा निम्म्या हिश्श्याइतका असेल, तर मुदत मोजताना एक वर्ष इकडे-तिकडे झालं आहे. आणि तिन्ही टप्प्यांत थोडा थोडा फरक विखुरलेला असेल, तर कोणीतरी तीन भावांऐवजी त्यांची सरासरी, म्हणजे 190 रुपये 67 पैसे, सगळीकडे वापरली आहे.